चंद्रीचं दूध अचानक घटलंय, जरा गोठ्यावर येऊन बघा

मा. पशुधन विकास अधिकारी साहेब,
पशुवैद्यकीय दवाखाना, चोपडा तालुका, जि. जळगाव

डॉक्टर साहेब, नमस्कार. मी सुभाष पाटील, नदीकाठच्या केळीच्या मळ्यावर राहतो, मागे लम्पीच्या लसीला तुम्ही आमच्या गोठ्यावर आले होते. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहून पाठवतोय, सवड मिळाली की पूर्ण वाचा.

आपली चंद्री, एचएफ संकरित, तिसरं वेत, व्याल्याला पाच आठवडे झालेत. कालवड झाली, वार वेळेवर पडली, काही त्रास नव्हता. आटवल्यावर चांगली भरली होती, पाठीवर पाणी ठरेल अशी. दूध सकाळी 9 अन् संध्याकाळी 7 लिटर, एकदम धरून होतं. या सोमवारपासून घटायला लागलं अन् आज सकाळी 4 लिटरवर आलं. पान्हा सोडते, लाथ मारत नाही, पण कासेत दूधच नाही.

माझं मन सगळ्यात जास्त खाण्याकडं जातंय. सरकी ढेप तिचा जीव की प्राण, टोपलं दिसलं की दावं ताणायची. आता ढेपला नुस्तं तोंड लावते अन् मान फिरवते, पण दादरचा कडबा टाकला तर तो खाते, मक्याची कुट्टीही थोडी खाते. मला वाटलं ढेपच बुरशीची असेल, म्हणून त्याच पोत्यातली बाकीच्या दोघींना टाकली, त्यांनी टोपलं चाटून साफ केलं अन् त्यांचं दूध जसंच्या तसं आहे. रवंथ कमी झालाय. शेण घट्ट, गोळ्या गोळ्या अन् वरून चकचकीत पडतंय. अंग तर इतकं उतरलंय की बरगड्या मोजून घ्या.

अजून एक गोष्ट घरच्यांनी धार काढताना हेरली. तिच्या तोंडाला गोडसर वास येतो, रायपनिंगच्या खोलीचं दार उघडल्यावर केळीचा येतो ना तसा. मी पण जवळ जाऊन बघितलं, खरंच येतो. अन् डेअरीवर फॅट 3.8 लागायची ती काल 5.2 लागली. तिथं एक जण म्हणे बरंय की, भाव चांगला मिळेल, पण दूध निम्म्यावर आलेलं असताना फॅट एवढी वाढणं मला काही बरं लक्षण वाटत नाही.

ताप थर्मामीटर लावूनच बघितला, 101.4 भरला. कास मऊ आहे, गाठ नाही, चारही सडांची पहिली धार काळ्या ताटलीत काढून बघितली, फुटकी नाही, पाणचट नाही. तुम्ही शिबिरात दाखवलं होतं तसं सर्फच्या पाण्यात दूध मिसळून बघितलं, एकाही सडाचं दूध चिकट झालं नाही. म्हणजे दगडी नसावी असं आपलं माझं मत, पण खात्री तुम्हीच करा. तोंडात, खुरात जखम नाही, लंगडत नाही, अंगावर गाठी नाहीत. गोचीड कानामागं दोन-चार दिसले, ते काढले. ऊन वाढलंय हे खरं, पण गोठ्यावर केळीची पानं अंथरलीत अन् दुपारी पाणी मारतो, अन् उन्हाचंच असतं तर तिघींचंही घटलं असतं ना.

साहेब, मला वाटतंय हे व्याल्यानंतर अंगातली साखर कमी होऊन होतं ते, किटोसिस. म्हणून येताना लघवी तपासायची पट्टी नक्की आणा, सकाळची लघवी मी स्वच्छ बाटलीत धरून ठेवतो. तसं निघालं तर सलाईन लागेल का, तोंडावाटे काय पाजायचं अन् किती दिवस, ते कागदावर लिहून द्या, म्हणजे माझ्यामागं घरचेही देतील.

गावात जो तो वेगळं सांगतोय. कोणी म्हणतं पान्ह्याचं इंजेक्शन दे, कोणी म्हणतं कॅल्शियमची बाटली चढव, एकानं तर आल्या आल्या अँटिबायोटिकच काढलं. मी हात लावू दिला नाही. दूध डेअरीला जातं, कालवडही तेच पिते, तपासणी झाल्याशिवाय असलं काही नको. पण हेही खरंय की लई दिवस थांबता येणार नाही, ही गाय नुस्ती उभी राहून माझ्याकडं बघते तर जेवण गोड लागत नाही. दूध गेलं तर जाऊ द्या, परत येईल, पण गाय बसायला नको. गूळ पाण्यात देऊ का? जास्त गुळानं पोट बिघडतं असं ऐकलंय म्हणून अजून दिला नाही, तेवढं लगेच कळवा.

उद्या सकाळी 10 च्या आत जमलं तर फार उपकार होतील, तुम्हाला यायला नसेल जमत तर तसं सांगा, मी 1962 ला फोन लावून फिरता दवाखाना बोलावतो. मळ्याची वाट तीच, पुलाच्या अलीकडं उजवीकडं वळा, फाट्यावर पोरगा मोटरसायकल घेऊन उभा राहील. कानातला बिल्ला शाबूत आहे, मागच्या लसीचं कार्डही काढून ठेवलंय.

आपला,
सुभाष पाटील