गोदामासाठी गाव निवड: गुणांकन पत्रक (हिंगणघाट, वरोरा, वणी, पांढरकवडा)

काय ठरवायचं आहे: ३००० टनांचं एक गोदाम. माल सोयाबीन, तूर आणि चणा. सभासद कास्तकार समुद्रपूर, वरोरा, वणी, मारेगाव आणि केळापूर तालुक्यांतले. गुण गावाला दिलेले नाहीत, त्या गावात पाहिलेल्या एका ठरावीक प्लॉटला दिले आहेत. "वणीत पाणी भरते" हे वाक्य पत्रकात चालत नाही. कोणत्या वावरात, किती उंच, हे लागतं.

आधी गाळणी. सातबाऱ्यावर वाद, भोगवटादार वर्ग २ ची जमीन असून परवानगी नाही, किंवा बारा महिने ट्रक जाईल असा रस्ता नाही: यातलं एकही असेल तर प्लॉट बाद, गुण द्यायचेच नाहीत. बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी या खोटी भरून निघत नाहीत, म्हणून त्यांना वजन ठेवलेलं नाही. चारही प्लॉट यातून पार झाले.

गुण (१ ते १०) आणि वजन (एकूण १००)

| घटक | वजन | हिंगणघाट | वरोरा | वणी | पांढरकवडा |
|---|---|---|---|---|---|
| सभासदांच्या मालाची जवळीक | २५ | ६ | ७ | ८ | ७ |
| नागपूरकडे माल पाठवणी, रस्ता | २० | ९ | ८ | ६ | ६ |
| जागा व बांधकाम खर्च | २० | ४ | ६ | ५ | ८ |
| पूर, निचरा | १५ | ५ | ७ | ४ | ८ |
| जवळचे खरेदीदार | १० | ९ | ६ | ७ | ५ |
| हमाल व वीज | १० | ८ | ७ | ७ | ५ |
| वजन × गुण, बेरीज | १०० | ६५५ | ६९० | ६२० | ६७५ |

गुण कसे काढले

जवळीक: प्रत्येक गावाचे क्विंटल × गोदामापर्यंतचे किलोमीटर, सगळ्यांची बेरीज भागिले एकूण क्विंटल. नुसती गावांची सरासरी काढली तर दहा पोती देणारं गाव आणि हजार पोती देणारं गाव सारखंच धरलं जातं. २० किमीला १० गुण, पुढे दर ५ किमीला एक गुण कमी. वणी ३०, वरोरा आणि पांढरकवडा ३५, हिंगणघाट ४० किमी.

खर्च: जमीन, काळी माती उकरून मुरूम भरणं, जोता, आतला रस्ता. २ कोटी ४० लाखांपर्यंत १० गुण, दर २० लाखांना एक कमी. पांढरकवडा २.८०, वरोरा ३.२०, वणी ३.४०, हिंगणघाट ३.६० कोटी. काळ्या मातीचा खर्च इथेच धरा. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मुरमाचा थर नीट दाबला नाही तर पोत्यांच्या थप्पीखालची फरशी उठते. हा खर्च "निचरा" मध्येही धरला तर एकच दोष दोनदा मोजला जातो.

पाठवणी: नागपूरपर्यंतचं ट्रकभाडं आणि प्लॉटपासून पक्क्या रस्त्यापर्यंतचा शेवटचा टप्पा. पांढरकवडा नागपूरपासून सर्वांत लांब, म्हणून ५. प्लॉट राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागून, म्हणून एक वाढवून ६. रेल्वेला गुण दिले नाहीत. हिंगणघाट आणि वरोरा वर्धा–बल्लारशा मार्गावर आहेत, वणीलाही स्थानक आहे, पण धान्याच्या एका पूर्ण रेकला अडीच हजार टनांहून जास्त माल लागतो. आपलं सगळं गोदाम एका झटक्यात रिकामं करायचं असेल तरच तो उपयोग. स्थानक आहे म्हणून दोन गुण वाढवायची सवय इथे मोडली पाहिजे.

पूर: कागदावरची पूररेषा बघाच, पण शेजारच्या गोठ्याची भिंतही बघा. वणीच्या प्लॉटजवळच्या गोठ्यात गव्हाणीच्या वर, विटांवर, मातकट पट्टा अजून दिसतो. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला मोठा पूर आला होता. तो पट्टा तेव्हाचा की नाल्याच्या तुंबीचा, हे शेतमालकासोबत दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा. प्लॉटची पातळी त्या पट्ट्याच्या खाली आहे, म्हणून ४. पांढरकवड्याचा प्लॉट धुऱ्यापासून रस्त्याकडे उतरता आहे, पाणी थांबत नाही, म्हणून ८.

खरेदीदार म्हणजे दालमिल, सोयाबीन प्लांट, अडते. हमालांसाठी हंगामातली संख्या धरली, उन्हाळ्यातली नाही.

वजन बदललं तर

बेरीज हा सूत्राचा भाग आहे, वजन हा मताचा. म्हणून वजनं गुण देण्याआधी लिहून सही केली. पाच सभासदांनी गुण वेगवेगळे दिले. दोघांत २ पेक्षा जास्त फरक आला तिथे प्लॉट पुन्हा पाहिला, सरासरी काढून मोकळे झालो नाही. तरीही क्रम किती टिकाऊ आहे हे तपासणं भाग आहे, कारण वरोरा आणि पांढरकवडा यांत फक्त १५ गुणांचा फरक आहे.

| पर्याय | हिंगणघाट | वरोरा | वणी | पांढरकवडा |
|---|---|---|---|---|
| मूळ | ६५५ | ६९० | ६२० | ६७५ |
| पैसा आखडता: खर्च ३०, पाठवणी १० | ६०५ | ६७० | ६१० | ६९५ |
| विक्रीवर भर: खरेदीदार २०, पाठवणी २५, खर्च १०, पूर १० | ७२५ | ६९५ | ६५० | ६३५ |

पहिला क्रमांक तिन्ही वेळा बदलतो. वरोरा कधीच दुसऱ्याच्या खाली जात नाही. पांढरकवडा पहिल्यावरून शेवटी, हिंगणघाट शेवटून पहिलं. वणी सभासदांना सर्वांत जवळ आहे, पण एकाही पर्यायात पहिलं येत नाही.

उलटण्याचा बिंदू काढा. त्यावर बैठकीत खरी चर्चा होते. पाठवणीचं वजन खर्चाकडे सरकवलं तर दर एकाला वरोरा २ गमावतं आणि पांढरकवडा २ कमावतं, म्हणजे अंतर ४ ने घटतं. १५ भागिले ४ = ३.७५. खर्चाचं वजन २४ झालं की पांढरकवडा पुढे. हिंगणघाटला यापेक्षा जास्त ढकलावं लागतं: खर्चाचं वजन २० वरून १३ आणि खरेदीदारांचं १० वरून १७ केलं तर ते ६९० वर वरोऱ्याशी बरोबरी करतं.

गुणही हलवून पाहिले. वरोऱ्याचा खर्च २० लाखांनी वाढला तर गुण ६ चा ५ होतो, बेरीज ६७०, आणि पांढरकवडा ६७५ वर पुढे जातं. १५ लाखांवर बरोबरी. अजून लेखी भाव नसलेल्या एका आकड्यावर पहिला क्रमांक टेकलेला आहे.

शीटमध्ये: वजन B स्तंभात, गुण C ते F मध्ये, ओळी २ ते ७. बेरीज १०० नसली तरी उत्तर बिघडू नये म्हणून भागाकार ठेवा. उत्तर १० पैकी येईल, वरोरा ६.९०.

```
=SUMPRODUCT($B$2:$B$7,C2:C7)/SUM($B$2:$B$7)
```

डॉलरची खूण विसरली की सूत्र उजवीकडे ओढताना वजनाचा स्तंभही सरकतो, आणि पांढरकवड्याला वणीचे गुण वजन म्हणून लागतात. चूक डोळ्याला दिसत नाही, म्हणून एका गावाची बेरीज हाताने ताडून पाहा.

शिफारस: वरोरा. अट एकच: मुरमासह सगळा खर्च ३ कोटी ३५ लाखांच्या आत राहील असे जमिनीचा भाव आणि कंत्राटदाराचा दर लेखी मिळावेत. तोवर पांढरकवड्याच्या मालकाला नकार कळवू नये, आणि दोन्ही प्लॉटवर मातीची चाचणी पाऊस सुरू होण्याआधी करून घ्यावी. वणीचा प्लॉट सोडावा. त्या भागातल्या सभासदांसाठी हंगामात भाड्याचं छोटं संकलन केंद्र वेगळ्या पत्रकावर तपासावं.