मंदार सर आणि सायली, ओळख करून देतोय

मंदार सर, ही सायली. सायली, हे मंदार सर, चाकणच्या प्लांटला क्वालिटी बघतात, माझे जुने बॉस. दोघांना आधी वेगवेगळं विचारलंय, दोघंही हो म्हणालात म्हणून तिघांचा हा ग्रुप केला.

सर, तुम्हाला सप्लायर क्वालिटीला कास्टिंग कळणारं माणूस हवंय, नुसतं पीपॅपच्या फायली भरणारं नको म्हणालात, म्हणून हिचं नाव सुचवलं. सहा वर्षं भोसरीत मशीन शॉपला आहे, त्यातली तीन माझ्यासोबत. एक किस्सा सांगतो, ॲल्युमिनियमचं पंप हाउसिंग लीक टेस्टला सारखं फेल जात होतं आणि आम्ही सगळे फाउंड्रीच्या नावाने खडे फोडत होतो, हिने रिजेक्ट पार्ट कापून बघितले तर पोरॉसिटी होती पण सगळी एकाच बाजूला, मग फिक्स्चर तपासलं, लोकेटिंग पिन झिजलेली, त्यामुळे त्या बाजूने कट जास्त खोल जायचा, वरची घट्ट स्किन निघून आतली भोकं उघडी पडायची. म्हणजे घोळ आमच्याच घरात. फाउंड्रीवाल्याला फोन करून तसं सांगितलं पण हिनेच, आमच्यापैकी कोणाची हिंमत नव्हती. एट-डी रिपोर्ट, एफएमईए, आयएटीएफ ऑडिट हे सगळं केलंय, सीव्हीत दिसेलच. इंटरव्ह्यूत जरा कमी बोलते, हातात पार्ट द्या मग बघा.

सायली, सर कडक आहेत पण ऐकून घेतात, आणि सप्लायरवर उगाच आवाज चढवलेला त्यांना चालत नाही. काम बरंचसं फिरतीचं आहे, महिन्यातून एखादी कोल्हापूर फेरी धरून चल, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आहेत (तुझं इचलकरंजीचं घर जवळच, तेवढाच फायदा). तुला लाइनवर किती वेळ मिळेल आणि डेस्कवर किती हे तू मला विचारलं होतंस ना, ते सरांनाच थेट विचार, मी मध्ये पडून चुकीचं काही सांगायला नको.

नोटीस पिरियड 2 महिन्यांचा आहे सर, कमी होईल असं वाटत नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पगाराचं तुमचं तुम्ही बोला. आणि हो, तिच्या कंपनीत अजून कोणाला माहीत नाही, तेव्हा तिकडे कोणाकडे चौकशी करू नका प्लीज, भोसरी ते चाकण बातमी पोचायला ट्रॅफिक लागत नाही.

सायली, आज रात्रीपर्यंत सीव्हीची पीडीएफ इथेच टाक. गुरुवारी तिला सुट्टी असते सर, सकाळी 11 नंतर अर्धा तास फोनवर जमेल का? जमत असेल तर तिला डायरेक्ट लावा, नंबर ग्रुपमध्ये आहेच. मी आता ग्रुपमधून बाहेर पडतो, पुढचं तुम्ही दोघं बघा.