ऑपरेशनपूर्वी: मी घेत असलेल्या सगळ्या पूरक गोळ्या

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

18 तारखेला माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. फॉर्मवर फक्त बीपीची गोळी लिहिली गेली, बाकीचं इथे लिहिते.

रोज माशाच्या तेलाची 1000 मिलिग्रॅमची कॅप्सूल, व्हिटॅमिन ई 400 आणि हळदीची 500 मिलिग्रॅमची गोळी. यांनी रक्तस्राव वाढू शकतो असं वाचलंय, म्हणून काळजी यांचीच जास्त. सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्याही खाते. औषध नव्हे, तरी कळवते. रात्री दुधातून अर्धा चमचा अश्वगंधा. त्याने गुंगी येते, तेव्हा भूलतज्ज्ञांनाही सांगावं. कॅल्शियम रोज, व्हिटॅमिन डी 60,000 आठवड्यातून एकदा.

यातलं काय, कधीपासून थांबवू? शनिवारी तपासणीला सगळ्या डब्या घेऊन येते.

आपली रुग्ण,
केसपेपर क्र. 482, नौपाडा, ठाणे