बिल विभागातल्या सहकाऱ्यांना माझी ओळख

नमस्कार. बसा, बसा.

या विभागाचं काम बघायला बाहेरून आलेली सल्लागार ती मीच. माझं नाव सोमवारच्या मेलमध्ये तुम्ही वाचलंच आहे. त्याच मेलमध्ये ‘विभागाची पुनर्रचना’ असंही लिहिलं होतं, आणि तेव्हापासून इथे कोणाची नोकरी जाणार याचीच चर्चा चालू आहे. म्हणून आधी त्यावरच बोलते.

कोणाचीही नोकरी जाणार नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही. तो निर्णय माझ्या हातात नाही आणि खोटा धीर मला द्यायचा नाही. जे सांगू शकते ते एवढंच : कमी करायच्या माणसांची यादी मला कोणी दिलेली नाही, मागितलेलीही नाही. किती माणसं कमी झाली यावर माझं मानधन ठरत नाही, तसं कंत्राटातच लिहिलंय. कंत्राटाचं ते पान मी व्यवस्थापनाच्या परवानगीने आज फलकावर लावते आहे.

मी स्वतः नऊ वर्षं अशाच एका हिशेब विभागात होते. तिथेही बाहेरून माणसं आली. महिनाभर काचेच्या खोलीत बसली, आमच्याशी एक शब्द बोलली नाहीत. मग एका शुक्रवारी संध्याकाळी यादी लागली. माझं नाव त्यात नव्हतं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं होतं. कुठला पुरवठादार कशी चूक करतो हे फक्त त्यांना माहीत होतं. पुढे कित्येक महिने आम्ही त्याच चुका निस्तरत बसलो. या कामात मी आले ती त्यामुळेच.

काल दुपारी मी आवक टेबलापाशी तासभर उभी होते. एका बिलाचा क्रमांक आधी वहीत, मग एक्सेलमध्ये, मग सिस्टीममध्ये, असा तीनदा लिहिला गेला. नंतर ते बिल सहीसाठी ट्रेमध्ये पडलं. आज सकाळी पाहिलं तर तिथेच होतं. त्यावरचं खरं काम दहा मिनिटांचं, बाकी सगळं थांबणं. उशिराचं खापर मात्र तुमच्यावर फुटतं. मला शोधायचंय ते हे थांबणं.

पहिले तीन आठवडे मी तुमच्या शेजारी बसून काम बघणार आहे. हातात स्टॉपवॉच नसेल. कोण काय बोललं ते नावानिशी वर जाणार नाही. अहवालाचा मसुदा वर जाण्याआधी दोन दिवस तुमच्याकडे येईल. त्यात चूक दिसली तर खोडा, पटलं नाही तर तसं लिहा. तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं अहवालाला जोडेन. ही अट मी काम घेतानाच घातली होती आणि ती मान्य झाली आहे.

पदं बदलतील, काहींचं काम बदलेल. ते लपवत नाही. ज्याचं काम बदलायची शिफारस मी करेन, त्याला ती आधी माझ्याकडून कळेल, समोरासमोर.

आता तुम्ही विचारा. मागच्या रांगेतून मघाशी कोणीतरी ‘आधीच्या सल्लागारांचं काय झालं’ म्हणालं, तिथूनच सुरू करू.