आईचं खाणंपिणं: वेळा, आवरायचे पदार्थ आणि ठेवायच्या नोंदी

दादा, वहिनी,

आई रविवारी तुमच्याकडे येते आहे, दीड महिना राहील. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेले सहा छापील कागद तिच्या पिशवीत ठेवलेत, पण धावपळीत ते उघडून कोणी बघत नाही हे मला तीन महिन्यांत कळलंय. म्हणून त्यातलं रोज लागणारं तेवढं इथे उतरवते. वहिनी, फ्रिजवर लावायचं असेल तर वेळांचा भाग तेवढा लावा.

आधी एकच गोष्ट सांगते. काय खायचं नाही याची धास्ती सगळ्यांना असते, मलाही होती. पण आईच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं आहे ते वेळेवर खाणं. ती सकाळी ग्लिमेपिराइडची छोटी गोळी घेते. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. जेवण लांबलं तरी साखर खाली खेचतच राहते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारीत एकदा पाहुण्यांची वाट बघत जेवायला अडीच वाजले. आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. सोललेले दाणे सालांच्या ढिगात आणि सालं भांड्यात टाकायला लागली. मी हसून म्हटलं, "अगं, लक्ष कुठंय?" तर ती चिडली, आई कधी चिडत नाही. कपाळावर हात लावला तर गार घाम. मोजली तर साखर 58. साखरेचं पाणी दिल्यावर वीस मिनिटांत माणसात आली, पण त्या दिवसापासून मी घड्याळाशी तडजोड करत नाही.

वेळा

सकाळी 7 वाजता, चहाच्याही आधी, उपाशीपोटीची साखर मोजायची. मग बिनसाखरेचा चहा.

8.30 नाश्ता. ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या अगदी आधी, ताट समोर आल्यावर. "गोळी घेते, तोवर तू कर" असं ती म्हणेल, तसं करू द्यायचं नाही. नाश्ता झाल्यावर मेटफॉर्मिन. नाश्त्यात एक अंडं किंवा मोड आलेलं कडधान्य हवंच; नुसता ब्रेड किंवा नुसती पोळी नको.

11 वाजता एक फळ, साधारण तिच्या मुठीएवढं.

1 वाजता जेवण. दीडच्या पुढे जाऊ नये. घरचे बाकीचे नंतर जेवणार असतील तर तिला एकटीला वाढा, तिला अवघडल्यासारखं वाटलं तरी. वहिनी, तुम्ही दोन घास तिच्याबरोबर बसलात तर ती निमूट जेवेल.

4.30 वाजता मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे, नाहीतर वाटीभर ताक.

7.30 रात्रीचं जेवण, त्यानंतर दुसरी मेटफॉर्मिन.

झोपताना काही लागत नाही. मात्र संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं असेल किंवा ती कमी जेवली असेल तर दहा वाजता साखर बघा. 100 च्या खाली असली तर अर्धा कप दूध आणि पोळीचा तुकडा. हा आकडा बाईंनी आईपुरता दिला आहे, कारण तिला एकदा पहाटे घाम फुटून जाग आली होती.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चालायचं. स्नायू हलले की रक्तातली साखर वापरली जाते, त्यामुळे जेवणानंतरची उसळी कमी राहते. दादा, तू रात्री फोनवर बोलत फेऱ्या मारतोस, तेव्हा तिला बरोबर घे.

ताट कसं वाढायचं

बाईंनी वाट्या आणि ग्रॅमचा मोठा तक्ता दिलाय, पण त्यांनी स्वतःच सोपी रीत सांगितली. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, कडधान्य, अंडं, मासा किंवा पनीर, आणि उरलेलं पाव ताट पोळी किंवा भात. आईसाठी पाव ताट म्हणजे दोन लहान पोळ्या, किंवा एक पोळी आणि अर्धी वाटी भात. बटाटा, रताळं, मका हे भाजीच्या वाट्यात धरायचे नाहीत, पोळी-भाताच्या वाट्यात धरायचे. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी. आम्ही हे कितीतरी दिवस चुकत होतो.

जेवताना आधी भाजी-कोशिंबीर, मग डाळ, शेवटी पोळी-भात, या क्रमाने खाल्लं तर साखर सावकाश चढते. आई याला "उलटं जेवण" म्हणते, पण ऐकते.

काय आवरायचं

"बंद" हा शब्द बाईंनी दोनच ठिकाणी वापरलाय: साखर घातलेली पेयं आणि फळांचा रस. रसात चोथा निघून जातो, तीन-चार फळांची साखर एका ग्लासात उतरते आणि मिनिटांत रक्तात पोहोचते. तोच रस साखर खाली गेल्यावर औषधासारखा कामाला येतो, म्हणून घरात एक छोटा डबा ठेवा, पण वेगळा.

गूळ आणि मध. इथे आईशी वाद होणार, तयार राहा. "साखर नाही, गूळ आहे" हे तिचं आवडतं वाक्य आहे. रक्तातल्या साखरेच्या हिशोबात दोन्हींत नाव घेण्याजोगा फरक नाही.

"शुगर फ्री" लिहिलेली बिस्किटं. साखर नसली तरी मैदा असतो आणि मैद्याची शेवटी साखरच होते. मागच्या महिन्यात कोणीतरी प्रेमाने मोठा डबा आणला, आईने चार दिवसांत संपवला आणि उपाशीपोटीचा आकडा 170 च्या पुढे गेला. पाकीट उलटून एकूण कर्बोदकं किती ते वाचा, पुढच्या बाजूची मोठी अक्षरं नाही.

गोड अगदी तोडायचं नाही, असं बाईंनी मला बजावून सांगितलं. तोडलं की ती लपून खाते आणि मग आपल्याला कळतही नाही. आठवड्यातून एकदा, जेवणाबरोबर, दोन चमचे. रिकाम्या पोटी किंवा मधल्या वेळी नको. त्या जेवणात भात वगळायचा.

मिठाबद्दल: तिचा रक्तदाबही आहे, त्यामुळे दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचाभर, त्याहून जास्त नको. लोणचं, पापड, पाकिटातलं खारं यांतलं मीठही त्यातच आलं. तळलेलं आठवड्यातून एकदा. केळं, आंबा, द्राक्षं यांना बंदी नाही, पण अर्धा वाटा, आणि त्या वेळी दुसरं फळ नाही.

साखर खाली गेली तर

हा भाग दोघांनीही पाठ करा आणि मुलांनाही सांगा.

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही दिसलं तर आधी मोजा. मीटर हाताशी नसेल तर मोजत बसू नका, सरळ उपाय करा. 70 च्या खाली म्हणजे कमी. पाण्यात तीन-चार लहान चमचे साखर विरघळवून, किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की जेवणाची वेळ असल्यास जेवण, नाहीतर पोळी आणि दूध. या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. पुढचे काही तास तिला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

आजारी पडली तर

ताप, उलट्या, जुलाब झाले की साखर न खाताही चढू शकते. दर चार तासांनी मोजा, घोटघोट पाणी देत राहा. काहीच पोटात राहत नसेल तर गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारा, आपल्या मनाने देऊ नका आणि बंदही करू नका. सलग दोनदा 300 च्या वर आली किंवा मीटरवर HI दिसलं तर थांबू नका, फोन करा. HI म्हणजे आकडा मीटरच्या मोजण्यापलीकडे गेलाय.

नोंदी आणि तपासण्या

निळ्या वहीत रोज सकाळची साखर लिहायची. मंगळवार आणि शुक्रवारी जेवणानंतर दोन तासांचीही. दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, हात धुतल्यापासून नाही. डॉक्टरांनी आईसाठी उपाशीपोटी 90 ते 140 आणि जेवणानंतर 180 च्या आत असं ठरवलंय. आकड्याशेजारी एक ओळ लिहा: काय खाल्लं, चालली का, झोप लागली का. बाई आधी ती ओळच वाचतात.

मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. एकदा संत्रं सोलून तिने तशाच बोटावर सुई टोचली आणि 241 दाखवलं. हात धुऊन मोजल्यावर 152. टोचायचं बोटाच्या टोकावर मधोमध नाही, कडेला, तिथे दुखत कमी. पट्ट्यांची बाटली लगेच बंद करा, दमट हवेने त्या खराब होतात.

पाय रोज रात्री बघायचे. तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा. तिच्या पायांची संवेदना कमी झालीय, चप्पल चावली तरी तिला कळत नाही. ती स्वतः वाकू शकत नाही, त्यामुळे दादा, हे तू कर. फोड, चीर, लाली काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. घरातही अनवाणी नको, आणि गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्या कोणीतरी हात घालून बघायचं.

एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, दर तीन महिन्यांनी. मागचा आकडा 8.1 होता, डॉक्टरांना तो 7.5 च्या आसपास हवाय. तिच्या वयात त्याहून खाली आणण्याच्या नादात साखर पडण्याचा धोका वाढतो, म्हणून "अजून कमी कर" असं तिला म्हणू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा, ती दोन्ही माझ्याकडे झालीत. बी-12 तेवढं राहिलंय. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात, त्यामुळे पुढच्या रक्तासोबत हेही करून घ्या. ते 18 तारखेला आहे, त्या तपासण्यांची चिठ्ठी वहीच्या मागच्या खणात आहे.

मीटर, पट्ट्या आणि सुया तिच्या हिरव्या पाउचमध्ये आहेत. पट्ट्या 40 उरल्यात, महिनाभर पुरतील, मग आणाव्या लागतील. त्याच पाउचच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरचं पाकीट ठेवलंय. ते तिथून हलवू नका, तिच्या हाताला तिथलीच सवय आहे.

सुमा