पुनर्सादर प्रस्ताव: परीक्षण समितीच्या अभिप्रायाला उत्तर

प्रकल्प: कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी गावपातळीवर मिलन-अवरोध पद्धतीची चाचणी, राळेगाव व कळंब तालुके, जिल्हा यवतमाळ

समितीने प्रश्नाचे महत्त्व आणि गावांशी असलेला आमचा संपर्क या दोन जमेच्या बाजू म्हणून नोंदवल्या. आराखडा मात्र त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा नाही, असे मत दिले. अभिप्राय वाचून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा दोन मुख्य आक्षेप पूर्णपणे बरोबर असल्याचे दिसले. त्यामुळे निकष, गावांची संख्या आणि कालावधी हे तिन्ही बदलले आहेत. बदललेला मजकूर समासातील उभ्या रेघेने दाखवला आहे.

आक्षेप 1: "सापळ्यातील पतंगांची घट हा मुख्य निकष योग्य नाही."

मान्य. ही मूळ प्रस्तावातील सर्वांत मोठी चूक होती. मिलन-अवरोध पद्धतीत शेतात मादीच्या गंधाचे धागे बांधले की नराला खरी मादी सापडत नाही, तसाच कामगंध सापळाही सापडत नाही. सापळे रिकामे राहिले तर हवेत गंध पुरेसा आहे एवढेच कळते. बाहेर मिलन होऊन आलेली मादी त्याच शेतात अंडी घालत असली तरी सापळा रिकामाच दिसेल. म्हणजे पद्धत अपयशी ठरली असती तरी आमच्या जुन्या निकषाने तिला यशस्वी म्हटले असते.

आता मुख्य निकष एकच आहे: हिरव्या बोंडांतील प्रादुर्भावाची टक्केवारी (पान 7). लागवडीनंतर 90, 105 आणि 120 दिवसांनी प्रत्येक तुकड्यातून 15 ते 20 दिवसांची 20 बोंडे तोडून फोडली जातील आणि तिन्ही फेऱ्यांची सरासरी धरली जाईल. अळी दिसली नाही तरी सालीच्या आतील बाजूस फोड किंवा बोगदा असल्यास बोंड किडके मोजायचे. इथे नवख्या माणसाची हमखास चूक होते. लहान अळी गुलाबी नसते. ती पांढुरकी आणि काळसर डोक्याची असते, म्हणून 'अळी नाही' अशी नोंद पडते. प्रशिक्षणात प्रत्येकाने 100 बोंडे फोडायची आणि तीच बोंडे कीटकशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासायची. 90 बोंडांवर एकमत झाल्याशिवाय त्या व्यक्तीच्या नोंदी धरल्या जाणार नाहीत.

बोंडे कोणत्या गटातील आहेत हे फोडणाऱ्याला कळू नये, ही समितीची सूचनाही घेतली आहे. पिशव्यांवर गावाचे नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. तोडणारा आपली पिशवी स्वतः फोडणार नाही. पिशव्या कापडी असतील. प्लॅस्टिकमध्ये बोंडांना पाणी सुटते आणि कुज किडीसारखी दिसू लागते. 24 तासांच्या आत फोडणी पूर्ण करायची. एका फेरीत 3,840 बोंडे होतात. माणशी दिवसाला 200 धरली तर चौघांना पाच दिवस लागतील. सर्व गावांत एकाच दिवशी तोडणी केली तर ही मर्यादा पाळता येणार नाही, म्हणून तोडणी पाच दिवसांत विभागली असून रोज दोन्ही गटांतील गावे घेतली आहेत.

आक्षेप 2: "120 शेतकरी स्वतंत्र धरले आहेत, पण चाचणीचे एकक गाव आहे."

मान्य. एकाच गावातील शेते एकमेकांसारखी असतात. मागील हंगामातील आमच्या 6 गावांच्या नोंदींवरून गावांतर्गत सहसंबंध सुमारे 0.15 येतो. गावात 20 शेते धरली की डिझाइन इफेक्ट 1 + 19 × 0.15 = 3.85 होतो, म्हणजे 120 शेतांची माहिती जेमतेम 31 स्वतंत्र शेतांइतकी ठरते. प्रत्येक गटात तीनच गावे असताना तर खरा परिणामही निसटला असता.

नव्या आराखड्यात 16 गावे (8 + 8) आणि प्रत्येकी 12 तुकडे, असे 192 तुकडे आहेत. डिझाइन इफेक्ट 2.65 आणि प्रमाण विचलन 14 टक्केबिंदू धरून, 80 टक्के शक्तीने सुमारे 10 टक्केबिंदूंचा फरक ओळखता येईल. सहा गावांवरून काढलेला 0.15 हा आकडा डळमळीत आहे याची जाणीव आहे. तो 0.25 निघाला तर ओळखता येणारा फरक 12 टक्केबिंदूंवर जाईल. एकरी खर्च पाहता त्याहून लहान फरक शेतकऱ्याला परवडणाराही नाही, म्हणून ही मर्यादा स्वीकारली आहे.

आक्षेप 3: "शेजारच्या शेतांतून पतंग येतील. एका परीक्षकाच्या मते गावातच शेतकरीनिहाय गट पाडल्यास नमुना वाढेल."

पहिला भाग स्वीकारला आहे. प्रत्येक प्रयोगगावात 40 एकरांचा सलग पट्टा असेल आणि कडेच्या 50 मीटरमधून बोंडे घेतली जाणार नाहीत. गावांमध्ये किमान 3 किलोमीटर अंतर राहील. पट्ट्यातील 90 टक्के क्षेत्राची संमती मिळाली नाही तर ते गाव गट ठरवणारी चिठ्ठी काढण्यापूर्वीच वगळले जाईल. चिठ्ठीनंतर वगळले तर पक्षपात शिरतो.

शेतकरीनिहाय गट पाडण्याची सूचना मात्र विचारपूर्वक घेतलेली नाही. नमुना कागदावर वाढेल, पण दोन एकरांच्या एकट्या शेतात ही पद्धत चालतच नाही. मिलन झालेली मादी बांध ओलांडून येते. तसे केल्यास प्रतिकूल निकाल पद्धतीचा की आराखड्याचा, हे सांगता येणार नाही.

आक्षेप 4: "तुलनेच्या गावांना काहीच मिळत नाही."

मूळ मजकुरात हे संदिग्ध होते. दोन्ही गटांना निरीक्षणासाठी हेक्टरी 5 सापळे, 5 टक्के निंबोळी अर्क आणि नुकसान पातळीनुसार फवारणीचा सल्ला मिळेल. प्रयोगगावांत सापळे दिशाभूल करतात, म्हणून तिथे सल्ला फक्त 10 टक्के किडक्या बोंडांच्या पातळीवर दिला जाईल. तुलना न बिघडावी म्हणून तुलनेच्या गावांतही हीच पातळी लागू राहील. फवारण्यांची संख्या दुय्यम निकष आहे. 2017 मध्ये यवतमाळमध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधा लक्षात घेऊन संरक्षक संच दोन्ही गटांना दिले आहेत.

आक्षेप 5: अंदाजपत्रक आणि कालावधी

चारचाकीची खरेदी (₹9,20,000) काढून टाकली आहे. क्षेत्रसेवक स्वतःच्या दुचाकीवर फिरतील, इंधनाला ₹2,16,000. एका हंगामाऐवजी दोन हंगाम घेतले आहेत, कारण पाऊस लांबला की पात्या लागण्याची वेळच सरकते. धागे एकरी 160 लागतात आणि पात्या लागताना, लागवडीनंतर 40 ते 45 दिवसांत बांधायचे असतात. 320 एकरांसाठी दरपत्रकानुसार एकरी ₹3,500 प्रमाणे दोन हंगामांचे ₹22,40,000 होतात. एकूण मागणी ₹38,60,000 वरून ₹40,60,000 झाली आहे. त्यात सांख्यिकीतज्ज्ञाचे ₹1,80,000 आहेत. ते संस्थेबाहेरचे असतील आणि विश्लेषणाचा आराखडा पहिल्या तोडणीपूर्वी समितीकडे जमा करतील.

समितीने न विचारलेला एक बदल

गावे निवडताना जिनिंगचा मुद्दा आमच्याकडून राहिला होता. साठवलेल्या कापसातून आणि सरकीतून पतंग बाहेर पडतात, त्यामुळे जिनजवळच्या गावात प्रादुर्भाव मुळातच जास्त असू शकतो. संमती दिलेल्या 23 गावांपैकी ज्यांच्या 3 किलोमीटरच्या आत जिनिंग कारखाना आहे अशी 7 गावे वगळली. उरलेली 16 गावे आणि त्यांचा नकाशा पान 11 वर आहे.