एएसएमटी-१० नोटिशीस क्रमवार उत्तर : आर्थिक वर्ष २०२२-२३

दिनांक : २४ जून २०२५

प्रति,
मा. राज्यकर अधिकारी,
वस्तू व सेवा कर विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ६१ अन्वये दि. ३० मे २०२५ रोजी दिलेल्या नोटिशीचे उत्तर (नमुना एएसएमटी-११ सोबतचे निवेदन)

महोदय,

वायर, स्विचगिअर व मोटर स्टार्टर यांची विक्री आणि मोटर रिवाइंडिंगची कामे, असा माझा एकल मालकीचा व्यवसाय असून त्यातील सर्व पुरवठ्यावर १८ टक्के दराने कर लागतो. वरील नोटीस मिळाल्यावर दि. ६ जून २०२५ रोजी मी ई-मेलने एक त्रोटक उत्तर पाठवले होते. त्यात खरेदी आणि विक्री या दोन्ही बाबींची कारणे एकाच परिच्छेदात आली होती व कोणती रक्कम कोणत्या कारणाची हे त्यावरून उलगडत नव्हते. म्हणून त्या उत्तराच्या जागी हे निवेदन सादर करीत आहे आणि यापुढे हेच विचारात घ्यावे, ही विनंती.

नोटिशीत एकूण ₹ १,००,०८० कराचा फरक दाखवला आहे. त्यातील ₹ ८६,५८० इनपुट टॅक्स क्रेडिटचे आणि ₹ १३,५०० विक्रीवरील कराचे आहेत. यांपैकी ₹ १६,२०० मी मान्य करून व्याजासह भरले आहेत. उरलेल्या ₹ ८३,८८० वर कर देय नाही, असे माझे म्हणणे आहे आणि त्याची कारणे पुढे देत आहे.

१. इनपुट टॅक्स क्रेडिटमधील फरक : ₹ ८६,५८०

जीएसटीआर-३बी च्या तक्ता ४(ए)(५) मध्ये वर्षभरात घेतलेले क्रेडिट ₹ ६,८४,३२० आहे आणि एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या बारा महिन्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये ₹ ५,९७,७४० दिसते. हे दोन्ही आकडे मला मान्य आहेत. त्यांच्यातील तफावत तीन वेगवेगळ्या कारणांनी पडली आहे.

(अ) ₹ ४१,४०० : मार्च २०२२ ची बिले, एप्रिलमध्ये आलेला माल. एकाच पुरवठादाराच्या दि. ३१ मार्च २०२२ च्या दोन बिलांचे करपात्र मूल्य ₹ २,३०,००० आहे. पुरवठादाराने ती मार्चच्या विवरणपत्रात दाखवल्याने ती मार्च २०२२ च्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे मागील आर्थिक वर्षात, आली. ई-वे बिल ३१ मार्चचे आहे. परंतु लॉरी रिसीटवर दुकानाच्या शिक्क्यासह ‘माल मिळाला’ हा शेरा ४ एप्रिल २०२२ चा आहे. कलम १६(२)(ब) प्रमाणे माल हाती येण्यापूर्वी क्रेडिट घेता येत नसल्याने मार्चच्या जीएसटीआर-३बी मध्ये ते घेतले नाही आणि एप्रिल २०२२ च्या विवरणपत्रात घेतले. कलम १६(४) ची मुदत तेव्हा संपलेली नव्हती.

(ब) ₹ २८,९८० : एकच क्रेडिट दोनदा मोजले गेले आहे. दि. २९ ऑक्टोबर २०२२ च्या बिलाचा (करपात्र मूल्य ₹ १,६१,०००) माल ३ नोव्हेंबर रोजी पोचला. ऑक्टोबरच्या जीएसटीआर-२बी वरून ही रक्कम ४(ए)(५) मध्ये आपोआप भरली गेली होती, म्हणून त्याच विवरणपत्रात ती ४(बी)(२) मध्ये परत केली. नोव्हेंबरमध्ये माल आल्यावर ती पुन्हा ४(ए)(५) मध्ये घेतली आणि तिचा उल्लेख ४(डी)(१) मध्ये केला. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमा शुल्क मंडळाच्या दि. ६ जुलै २०२२ च्या परिपत्रक क्र. १७०/०२/२०२२ मध्ये हीच रीत सांगितली आहे. या रीतीमुळे ४(ए)(५) ची वार्षिक बेरीज फुगलेली दिसते, पण प्रत्यक्ष वापरायला क्रेडिट एकदाच मिळते. नोटिशीतील तुलनेत ४(बी)(२) वजा झालेले नाही. ते वजा केल्यास तक्ता ४(सी) मधील वर्षाचे निव्वळ क्रेडिट ₹ ६,५५,३४० राहते आणि जीएसटीआर-२बी शी फरक ₹ ५७,६०० इतका उरतो. हीच (अ) आणि पुढील (क) ची बेरीज आहे, आणि हा मुद्दा आपण पोर्टलवरील दोन महिन्यांच्या विवरणपत्रांवरून कोणतेही कागद न मागवता तपासू शकता.

(क) ₹ १६,२०० : मान्य. एका पुरवठादाराच्या ₹ ९०,००० मूल्याच्या बिलाचे क्रेडिट डिसेंबर २०२२ च्या विवरणपत्रात घेतले होते. माल मिळाला असून करासह ₹ १,०६,२०० बँकेमार्फत अदा केले आहेत. मात्र पुरवठादाराने हे बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये आजवर दाखवलेले नाही आणि माझ्या लेखी पत्रालाही त्याने उत्तर दिलेले नाही. कराची रक्कम त्याला देऊनही ती पुन्हा मला भरावी लागत आहे, याचे वाईट वाटते. तरीही कलम १६(२)(एए) ची अट पूर्ण होत नसल्याने मी हा मुद्दा लढवत नाही. दि. २० जून २०२५ रोजी डीआरसी-०३ द्वारे केंद्रीय व राज्य करापोटी प्रत्येकी ₹ ८,१०० भरले आहेत. क्रेडिट खात्यातील शिल्लक २० मार्च २०२३ रोजी दाखल केलेल्या विवरणपत्रामुळे या रकमेच्या खाली गेली. त्या दिवसापासून भरणा होईपर्यंतच्या ८२३ दिवसांचे १८ टक्के दराने व्याज, अपूर्णांक वरच्या रुपयात धरून, प्रत्येकी ₹ ३,२८८ होते व तेही भरले आहे. भरणा एकूण ₹ २२,७७६.

२. विक्रीतील फरक : करपात्र मूल्य ₹ ७५,०००, कर ₹ १३,५००

ऑगस्ट २०२२ मध्ये एका नोंदणीकृत ग्राहकाला विकलेले स्टार्टर सप्टेंबरमध्ये परत आले. कलम ३४ नुसार क्रेडिट नोट देऊन ती सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ च्या तक्ता ९बी मध्ये दाखवली आणि जीएसटीआर-३बी मध्ये विक्री तेवढी कमी करून दाखवली. नोटिशीत जीएसटीआर-१ ची विक्री ₹ ४९,६५,००० धरली आहे, ती क्रेडिट नोट वजा न करता धरलेली आहे. वजा केल्यास ती ₹ ४८,९०,००० होते आणि जीएसटीआर-३बी शी तंतोतंत जुळते. ग्राहकाने आपले क्रेडिट परत केल्याचे त्याचे पत्र सोबत आहे.

३. विनंती

वरील मुद्दा १ (अ), १ (ब) आणि मुद्दा २ मधील ₹ ८३,८८० बाबतचे स्पष्टीकरण स्वीकारावे. ₹ १६,२०० चा कर व्याजासह कारणे दाखवा नोटीस निघण्यापूर्वीच भरलेला असल्याने कलम ७३(५) व (६) नुसार त्याबाबत पुढील नोटीस अथवा दंड न लावता नमुना एएसएमटी-१२ द्वारे कार्यवाही बंद केल्याचे कळवावे. एखाद्या रकमेबाबत समाधान झाले नसल्यास कोणती रक्कम व कोणता कागद अपुरा आहे हे कळवून, पुढील कारवाईपूर्वी मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. मूळ बिले व वह्या मी सोबत आणू शकेन.

सोबत : (अ) ची दोन बिले, ई-वे बिल व लॉरी रिसीट, (ब) चे बिल, माल पावती, ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२२ ची जीएसटीआर-३बी, (क) चे बिल, बँक खातेउतारा, पुरवठादारास पाठवलेले पत्र व डीआरसी-०३ ची पोच, क्रेडिट नोट, परत आलेल्या मालाचे चलन व ग्राहकाचे पत्र, व्याजाचा हिशेब.

वरील माहिती माझ्या हिशेबाच्या वह्यांप्रमाणे खरी व बरोबर आहे.

आपला विश्वासू,
मालक तथा नोंदणीकृत करदाता